चार आण्यांचा हिशेब : कंपनीने अफूच्या पेट्या का रोखून धरल्या?

एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत कलकत्त्यात ईस्ट इंडिया कंपनीच्या अफूचा जाहीर लिलाव होत असे. पाटणा आणि बनारस या दोन एजन्सींकडून आलेल्या पेट्या तेथे मांडल्या जात. एका पेटीत अफूचे चाळीस गोळे, वजन साठ किलोहून थोडे अधिक. बोली लावणारे खाजगी व्यापारी तो माल चीनच्या किनाऱ्यावर नेत. चीनमध्ये अफूला बंदी असल्याने कंपनी स्वतःच्या जहाजांवर ती चढवीत नसे. तिचा व्यवहार कलकत्त्याच्या लिलावगृहातच संपे.

या व्यवहाराची एक गोष्ट इतिहासाच्या विद्यार्थ्याला बुचकळ्यात टाकते. पेटी तयार करण्यास कंपनीला जो खर्च येई, त्याच्या कितीतरी पट किंमत लिलावात मिळे. खसखशीची जमीन होती, आगाऊ रक्कम घेऊन पेरणी करणारी रयत होती, गोळे वळणारे कारखाने होते. तरीही वर्षामागून वर्षे विक्री सुमारे चार हजार पेट्यांच्या आसपासच ठेवण्यात आली. परवान्याविना खसखस पेरणे हा बंगालमध्ये गुन्हा होता. ज्या मालावर एवढा नफा, तो माल मुद्दाम कमी का पिकवावा?

याचे एक उत्तर कंपनीच्या बाजूने दिले जाई : अफू हे घातक व्यसन आहे आणि मक्तेदारीमुळे त्याचा प्रसार आटोक्यात राहतो. दुसरे उत्तर आजही चर्चांमधून भेटते : कंपनीची यंत्रणा सुस्त होती, हाताशी आलेला नफा तिला उचलता आला नाही. मला ही दोन्ही उत्तरे अपुरी वाटतात. कंपनी संयमी नव्हती आणि या बाबतीत मूर्खही नव्हती. अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात मक्तेदाराच्या प्रकरणात एक आकृती असते : मागणीची एक तिरकी रेषा आणि तिच्या खाली, दुप्पट वेगाने कोसळणारी सीमांत प्राप्तीची दुसरी रेषा. परीक्षेसाठी आपण ती पाठ करतो. कलकत्त्याच्या लिलावाचे कोडे त्या दोन रेषांमधल्या अंतरात सुटते. म्हणून या थ्रेडमध्ये ते अंतर नेमके कशाचे बनलेले असते आणि ते दुप्पट वेगाने का वाढते, हे सावकाश पाहू.

यापुढचे आकडे दफ्तरातले नाहीत. हिशेब तोंडी करता यावा म्हणून मी ते निवडले आहेत.

समजा, एका हंगामात कंपनीने ४,००० पेट्या विक्रीस काढल्या, तर प्रत्येक पेटीस २,००० रुपये मिळतात. आणि समजा, विक्रीस काढलेली प्रत्येक जादा पेटी सर्व पेट्यांचा भाव चार आण्यांनी, म्हणजे पाव रुपयाने, खाली आणते. एवढ्यावरून मागणीची संपूर्ण सरळ रेषा उभी राहते. हजार पेट्या वाढल्या की भाव अडीचशे रुपयांनी उतरतो. ५,००० पेट्यांना १,७५० रुपये, ६,००० पेट्यांना १,५०० रुपये. उलट दिशेने गेल्यास, ३,००० रुपये भावाला एकही पेटी खपत नाही. आणि १२,००० पेट्या ओतल्या तर भाव शून्यावर येतो.

आता ४,००० वर आणखी एक पेटी काढण्याचा विचार करणाऱ्या अधिकाऱ्याच्या जागी बसू. घाईने विचार करणारा म्हणेल : बाजारात पेटीला २,००० रुपये मिळतात, म्हणजे आणखी एका पेटीचे आणखी २,००० रुपये. पण ही पेटी एकटी येत नाही. ती येताच भाव चार आण्यांनी उतरतो, आणि तो केवळ नव्या पेटीचा उतरत नाही. लिलावाला जमलेल्या व्यापाऱ्यांना यंदा एकूण किती माल येणार हे समजलेले असते. कोणती पेटी चारहजारावी आणि कोणती त्यानंतरची, असा भेद ते करीत नाहीत. जी चार हजार गिऱ्हाइके दोन हजार रुपये मोजावयास तयारच होती, त्यांनाही आता चार आणे सूट मिळते. चार हजार पेट्यांवर प्रत्येकी चार आणे म्हणजे एक हजार रुपये. नव्या पेटीने दोन हजार आणले, पण जुन्या पेट्यांमधून हजार काढून घेतले. कंपनीच्या तिजोरीत निव्वळ भर पडली ती एक हजाराची.

ही निव्वळ भर म्हणजे सीमांत प्राप्ती. मागणीच्या रेषेवर आपण वाचतो ती किंमत, म्हणजे नवी पेटी स्वतः जे आणते ते. सीमांत प्राप्तीच्या रेषेवर वाचतो ते, नव्या पेटीने जुन्यांचे केलेले नुकसान वजा जाता जे उरते ते. दोन रेषांमधले उभे अंतर म्हणजे ते नुकसान, नेमके तेवढेच : भावातील घट गुणिले आधीच्या पेट्यांची संख्या. मागणीची रेषा खाली उतरत असेल, सर्वांना एकच भाव द्यावा लागत असेल आणि एकाहून अधिक नग विकले जात असतील, तर हे नुकसान होणारच. म्हणून सीमांत प्राप्ती किमतीच्या खाली राहते. यात मक्तेदाराच्या लबाडीचा किंवा सज्जनपणाचा काही संबंध नाही.

(काटेकोर वाचकांसाठी : ४,००१ पेट्या १,९९९ रुपये १२ आणे भावाने विकल्यास एकूण प्राप्ती ९९९ रुपये १२ आण्यांनी वाढते, पूर्ण हजाराने नव्हे. नव्या पेटीलाही नवा, चार आणे कमी भावच मिळतो, त्याचा हा फरक. पेटीचे माप जितके लहान घ्यावे तितका तो नाहीसा होतो. पुढे मी तो सोडून देतो.)

सीमांत प्राप्ती खाली का, हे झाले. ती दुप्पट तीव्रतेने का उतरते?

हाच हिशेब ५,००० पेट्यांवर करू. भाव १,७५० रुपये. पुढची पेटी पुन्हा चार आण्यांनीच भाव पाडते, कारण रेषा सरळ आहे; सर्वत्र उतार एकच. पण आता चार आण्यांची ती सूट पाच हजार पेट्यांवर द्यावी लागते. नुकसान १,२५० रुपये, उरले ५००. ६,००० पेट्यांवर भाव १,५०० आणि नुकसानही १,५००, उरले शून्य. ८,००० पेट्यांवर भाव १,००० आणि नुकसान २,०००. म्हणजे पेटी विकून कंपनी हजार रुपयांनी गरीब होते, मग ती पेटी तिला फुकट का मिळालेली असेना.

आकडे ओळीने वाचले की दुप्पट उताराचे मूळ दिसते. हजार पेट्या वाढल्या की भाव अडीचशेने उतरतो. हा पहिला उतार. त्याच हजार पेट्यांमुळे नुकसान सोसणाऱ्या पेट्यांची संख्याही हजाराने वाढते, म्हणून नुकसानही अडीचशेने वाढते. हा दुसरा उतार. सीमांत प्राप्ती म्हणजे भाव वजा नुकसान. एक बाजू अडीचशेने घटते, वजा होणारी बाजू अडीचशेने वाढते, आणि मिळून पाचशेची घसरण होते : १,०००, मग ५००, मग शून्य. ‘दोन’ हा आकडा येथून येतो. पहिल्या उतारात नव्या पेटीचा भाव घटतो, दुसऱ्यात जुन्या पेट्यांचा पाया रुंदावतो, आणि सरळ रेषेत हे दोन्ही उतार समान असतात, कारण दोहोंच्या मुळाशी तेच चार आणे आहेत.

बीजगणितात हे दोन ओळींत मावते. किंमत P = a − bQ असेल, तर एकूण प्राप्ती aQ − bQ² होते आणि सीमांत प्राप्ती MR = a − 2bQ. वर्ग आला की अवकलनात दोनचा गुणक येतो, असे वर्गात सांगितले जाते आणि ते बरोबरच आहे. परंतु वर्ग मुळात का आला? पेट्यांची संख्या हिशेबात दोनदा शिरते म्हणून : एकदा विकलेला माल म्हणून आणि एकदा भाव पाडणारे कारण म्हणून. चार आण्यांच्या गोष्टीत जे दोन उतार दिसले, तेच त्या वर्गात लपलेले आहेत.

येथे एक चूक फार वेळा होते. आकृती काढताना मीही ती केली आहे. कोष्टक हजार-हजार पेट्यांच्या टप्प्यांनी मांडले जाते. ४,००० पेट्यांची एकूण प्राप्ती ८० लाख, ५,००० ची साडेसत्त्याऐंशी लाख. वाढ साडेसात लाख, म्हणजे पेटीमागे ७५०. आपण हा आकडा ५,००० समोर लिहितो आणि बिंदूही तेथेच मांडतो. पण आत्ताच आपण ५,००० वरील सीमांत प्राप्ती ५०० काढली होती. मग खरे काय? दोन्ही खरे आहेत. चूक आहे ती बिंदूच्या जागेत. ७५० ही ४,००० ते ५,००० या संपूर्ण टप्प्याची सरासरी आहे, म्हणून तिचा बिंदू मध्यावर, ४,५०० वर पडावयास हवा. चूक ओळखण्याची सोपी खूण अशी की, बरोबर काढलेल्या दोन्ही रेषा किमतीच्या अक्षावर एकाच ठिकाणी, येथे ३,००० वर, मिळतात. पहिल्या पेटीच्या आधी जुनी पेटीच नसते, त्यामुळे नुकसानही नसते. बिंदू उजवीकडे सरकवले की रेषा ३,२५० वर जाऊन टेकते. उतार मात्र तेव्हाही दुप्पटच भरतो. म्हणूनच ही चूक सहज डोळ्यांतून सुटते.

आता कंपनीकडे परत जाऊ. पेटीमागे ५०० रुपये खर्च येतो असे धरू. ५,००० पेट्यांवर सीमांत प्राप्ती ५०० आहे. कंपनीने तेथे थांबावे. भाव १,७५०, पेटीमागे नफा १,२५०, एकूण साडेबासष्ट लाख. ४,००० पेट्या विकल्या असत्या तर नफा ६० लाख झाला असता, आणि ६,००० विकल्या असत्या तरीही ६० लाखच. म्हणजे ५,००० या आकड्याच्या दोन्ही बाजूंना उतरण आहे.

ज्या इतिहासकाराच्या हाती केवळ लिलावाचे भाव आणि उत्पादनखर्च आहेत, त्याला येथे पाचशेचा माल साडेसतराशेला जाताना दिसेल, आणि कंपनीने आणखी माल का काढला नाही याचे नवल वाटेल. पण किंमत आणि खर्च यांची ती तुलना मक्तेदाराच्या कामाची नाही. त्याच्यापुढे प्रश्न असतो पुढच्या पेटीचा, आणि पुढच्या पेटीने त्याला ५०० सुद्धा मिळत नाहीत. भाव खर्चाइतका उतरेपर्यंत माल वाढला असता, तर या रेषेवर १०,००० पेट्या खपल्या असत्या. कंपनी त्याच्या बरोबर निम्म्यावर थांबते. हा निम्मा योगायोग नाही. खर्च पेटीमागे स्थिर असेल आणि रेषा सरळ असेल, तर दुप्पट उताराची रेषा खर्चाच्या पातळीला निम्म्या अंतरातच गाठते. व्यसनाविषयीच्या काळजीचा येथपर्यंत कोठेही उपयोग करावा लागलेला नाही.

विलक्षण गोष्ट अशी की, कलकत्त्यात हे लिलाव चालू असतानाच फ्रान्समध्ये एक गणिती नेमका हाच प्रश्न सोडवीत होता. अंत्वान ओग्युस्तँ कूर्नो याचे संपत्तीच्या सिद्धान्ताची गणिती तत्त्वे मांडणारे पुस्तक १८३८ साली निघाले. त्यातला मक्तेदार म्हणजे औषधी पाण्याच्या झऱ्याचा एकमेव मालक. पाणी आपोआप वाहते, खर्च काही नाही. मग त्याने जितके वाहील तितके विकावे काय? कूर्नोने दाखवले की नाही. एकूण प्राप्ती जेथे शिखर गाठते तेथे त्याने थांबावे. आपल्या आकड्यांत ती जागा म्हणजे ६,०००, सीमांत प्राप्ती शून्य होते ती. बाराहजारांच्या बरोबर निम्मी. बाकीचे पाणी वाहून गेलेले मालकाच्या हिताचे. कूर्नोच्या हयातीत ते पुस्तक जवळपास कोणी वाचले नाही, आणि त्याचे इंग्रजी भाषांतर निघायला १८९७ साल उजाडले.

कूर्नोकडे समीकरण होते, पण आज आपण काढतो ती दुसरी रेषा त्याने काढली नाही. तो प्रश्नाकडे किमतीच्या बाजूने पाहत होता : किंमत थोडी बदलली तर प्राप्ती किती बदलेल? ‘आणखी एक नग विकला तर?’ हा प्रश्न आकृतीत उतरण्यास आणखी नव्वद वर्षे लागली, आणि मग तो अनेकांना जवळपास एकाच वेळी सुचला. अमेरिकेत यंटेमाने १९२८ साली तो मांडला. ऑक्सफर्डच्या रॉय हॅरडने त्याच वर्षी आपला लेख केन्सकडे पाठवला. केन्सने तो फ्रँक रॅम्सी या तरुण गणितीला दाखवला, आक्षेप निघाले, आणि लेख छापून येईतो १९३० उजाडले. केंब्रिजमध्ये चार्ल्स गिफर्ड नावाच्या एका विद्यार्थ्याने आपल्या निबंधात ही रेषा काढून आणली. जोन रॉबिन्सन हिने १९३३ च्या आपल्या ग्रंथात तिच्यावर मक्तेदारीचे सगळे विवेचन उभे केले. सरळ मागणीसाठी तिने वापरलेली रीत आजही सर्वांत सोपी आहे : मागणीच्या रेषेवरील कोणत्याही बिंदूपासून किमतीच्या अक्षापर्यंत आडवी रेषा ओढा आणि तिचा मध्य घ्या. सीमांत प्राप्ती त्या मध्यातून जाते.

याच जोन रॉबिन्सनचा एक धागा आपल्याकडे येतो. १९२६ नंतरची दोनेक वर्षे ती ग्वाल्हेरला राहिली होती, कारण तिचा नवरा ऑस्टिन हा शिंदे घराण्याच्या अल्पवयीन महाराजांचा शिक्षक होता. सीमांत प्राप्तीचा आणि ग्वाल्हेरचा संबंध मी जोडू पाहत नाही. पण कलकत्त्याची अफूची मक्तेदारी जिने मोडली, ती अफू याच शिंद्यांच्या आणि होळकरांच्या मुलखात पिकत होती.

माळव्यातील खसखशीवर कंपनीचा हुकूम चालत नसे. उज्जैन आणि इंदूरचे सावकार ती अफू विकत घेत आणि पश्चिम किनाऱ्यावर आणून चीनला पाठवीत. कलकत्त्याने भाव चढा ठेवला, तसतसा माळव्याचा व्यापार फोफावला. १८१८ च्या मराठा युद्धानंतर कंपनीने तो आवरण्याचा प्रयत्न केला. आधी तिने स्वतःच माळव्यात अफू खरेदी करून मुंबईत विकायला काढली. मग १८२० च्या दशकात संस्थानिकांशी करार करून सगळा माल आपल्याकडे वळवू पाहिला. होळकरांसह काही संस्थाने करारात आली. शिंदे आले नाहीत. आणि मुंबईची वाट अडवली तर माल राजपुतान्यातून पालीमार्गे कराचीस आणि तेथून समुद्राने पोर्तुगीजांच्या दमणला पोहोचू लागला.

चार आण्यांच्या हिशेबात येथे काय बदलले ते पाहण्यासारखे आहे. समजा, चीनला जाणाऱ्या ६,००० पेट्यांपैकी ३,००० कंपनीच्या आणि ३,००० माळव्याच्या आहेत. भाव पूर्वीसारखाच १,५००. कंपनीने आणखी एक पेटी काढली की भाव चार आण्यांनी पडतो, सहाही हजार पेट्यांचा. पण कंपनीच्या खिशाला झळ लागते ती आपल्या तीन हजार पेट्यांपुरती : ७५० रुपये. उरलेले ७५० माळव्याचे सावकार सोसतात. जी पेटी एकटी मक्तेदार असताना कंपनीला काहीच देत नव्हती, ती आता ७५० रुपये देते, आणि खर्च तर ५०० च आहे. रोखून धरण्याचे कारणच उरले नाही.

उज्जैनच्या एखाद्या लहान व्यापाऱ्याकडे पाहिले तर गोष्ट आणखी स्पष्ट होते. त्याच्या दहा पेट्या आहेत. अकरावी पेटी पाठवताना त्याचे स्वतःचे नुकसान दहा वेळा चार आणे, म्हणजे अडीच रुपये. त्याच्या दृष्टीने सीमांत प्राप्ती आणि भाव जवळपास एकच. पूर्ण स्पर्धेत दोन्ही रेषा एकावर एक पडतात असे पुस्तक सांगते, त्याचा अर्थ एवढाच : विक्रेता इतका लहान असतो की त्याने पाडलेल्या भावाचा भार जवळजवळ सगळा इतरांवर पडतो. चार आण्यांची झळ तेव्हाही असते; फक्त ती त्याच्या वहीत येत नाही.

१८३० च्या सुमारास कंपनीने हार मानली. माळव्याची अफू विकत घेण्याचा खटाटोप सोडून तिने परवाना पद्धत सुरू केली : पेटीमागे १७५ रुपये भरा आणि मुंबईतून खुशाल माल न्या. मुंबईच्या जमशेटजी जीजीभॉयसारख्या व्यापाऱ्यांचा या धंद्यातला वाटा मोठा होता. त्याच वेळी बंगालमध्ये इतकी वर्षे जखडून ठेवलेला पेरा वाढवण्यास सुरुवात झाली आणि १८३० चे दशक संपेपर्यंत तेथील पेट्या कित्येक पटींनी वाढल्या. प्रसार आटोक्यात ठेवणे हाच मक्तेदारीचा हेतू असता, तर प्रतिस्पर्धी आला म्हणून स्वतःचा माल वाढवण्याचे कारण नव्हते.

मात्र येथे आपल्या आकृतीची मर्यादाही मान्य केली पाहिजे. दोन विक्रेते आले की एकूण माल वाढतो, एवढे ती सांगते. पण कंपनीने स्वतःचा माल इतका का वाढवला, हे निव्वळ तिच्यातून निघत नाही. माळव्याचा माल आल्यावर तिच्या वाट्याची मागणी कमीच झाली होती, आणि साध्या हिशेबाने तिने पाच हजारांहून कमी पेट्या काढावयास हव्या होत्या. त्यासाठी आणखी दोन गोष्टी लक्षात घ्याव्या लागतात. भाव चढा ठेवणे म्हणजे माळव्याला आमंत्रण, हे कंपनीला उमगले होते. भाव पाडून दूरच्या वाटेने येणारा माल न परवडण्याजोगा करणे हा तिच्या धोरणाचा भाग होता. शिवाय चीनमधील मागणीच वाढत होती, म्हणजे संपूर्ण रेषाच उजवीकडे सरकत होती. आपण मात्र ती सोयीसाठी एका जागी खिळवून ठेवली आहे.

रेषा सरळ असावी हाही सोयीचाच भाग. सीमांत प्राप्ती किमतीखाली राहण्यासाठी सरळपणा लागत नाही, उतरती मागणी पुरे. दुप्पट उतार मात्र सरळ रेषेचाच गुण आहे. मागणी वक्र असेल तर पुढच्या पेटीने भाव चारऐवजी तीन आण्यांनी पडेल किंवा पाच आण्यांनी, आणि मग दोन उतार समान राहणार नाहीत. भाव एक टक्का उतरला की खप नेहमी दोन टक्के वाढतो, अशी मागणी घेतली तर सीमांत प्राप्ती कोठेही भावाच्या निम्मीच राहते आणि कधी शून्य होत नाही. सगळ्यांना एकच भाव द्यावा लागतो, ही अटही अशीच निसटू शकते. कंपनीला प्रत्येक व्यापाऱ्याच्या मनातला भाव ओळखून त्याला तेवढ्यालाच पेटी विकता आली असती, तर जुन्या गिऱ्हाइकाला सूट देण्याचा प्रश्नच नव्हता. दोन रेषा एक झाल्या असत्या आणि पेट्या दहा हजारांपर्यंत गेल्या असत्या. जाहीर लिलावात ते शक्य नव्हते.

परवान्याच्या शुल्काची पुढची कथा याच हिशेबाने वाचता येते. १७५ रुपये भरण्यापेक्षा दमणची वाट अनेकांना स्वस्त पडे, म्हणून १८३५ साली शुल्क १२५ वर आणावे लागले. पुढे १८४३ मध्ये इंग्रजांनी सिंध जिंकला. कराचीची वाट त्यांच्या हाती गेली आणि दमणला जाणारा माल तुटला. त्याच वर्षी शुल्क २०० झाले, १८४५ मध्ये ३००, १८४७ मध्ये ४००. शुल्क चढले तसा माळव्याच्या प्रत्येक पेटीचा खर्च चढला. एकूण किती माल चीनला जावा, यावरचा गेलेला ताबा कंपनीला काही अंशी परत मिळाला, आणि रोखलेल्या नव्हे तर गेलेल्या प्रत्येक पेटीवर आता चारशे रुपये मिळू लागले.